ग्वाल्हेरच्या थंडीत स्लॅबची शटरिंग आणि टेकू कधी काढावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, थाटीपूर भागात घर बांधणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या साइटवर लक्ष ठेवणाऱ्या इंजिनिअरांसाठी आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: ३.६ × ४.२ मीटरची खोली, चारही बाजूंना बीम, १२५ मिलिमीटर जाडीचा एम २५ चा स्लॅब, राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट, आणि ओतकाम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तुमच्या घराची मापं वेगळी असतील, तर आकडे तुमचे घाला. हिशोबाची रीत तीच राहील.

सात दिवस झाले. आता टेकू काढले तर चालतील ना?

सात दिवसांचा आकडा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमधूनच आलेला आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढावेत, असं त्यात दिलं आहे. पण त्या तक्त्याच्या वरच तीन अटी लिहिलेल्या आहेत आणि साइटवर नेमक्या त्याच कुणी वाचत नाही. हवेचं तापमान १५ अंशांच्या खाली जाता कामा नये, सिमेंट ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं असावं, आणि क्युरिंग नीट झालेलं असावं.

ग्वाल्हेरला जानेवारीत रात्रीचा पारा साधारण सात अंशांवर येतो, काही रात्री पाचच्याही खाली. बाजारात घरबांधणीसाठी सहज मिळतं ते पीपीसी. म्हणजे तीनपैकी दोन अटी पहिल्याच दिवशी मोडल्या. तिसरीचं काय होतं ते ज्याचं त्याने बघावं. अशा वेळी दिवस ‘योग्य प्रमाणात बदलावेत’ एवढंच कोड सांगतं, किती बदलावेत ते सांगत नाही.

कोडचा मूळ नियम दिवसांचा नाहीच. शटरिंग काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार असेल, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असावी, हा खरा नियम आहे. आणि ती ताकद त्याच सिमेंटच्या, त्याच खडी-वाळूच्या, साइटवरच्याच थंडीत आणि ओलाव्यात ठेवलेल्या काँक्रीटची मोजायची. दिवसांचा तक्ता ही ज्यांना मोजमाप करायचं नाही त्यांच्यासाठी दिलेली सोय आहे, तीही फक्त त्या तीन अटींत.

मग टेकू काढायला नेमकी किती ताकद लागते?

सगळ्या स्लॅबना एकच आकडा लागू होत नाही. टेकू काढल्या दिवशी स्लॅबवर किती वजन असेल आणि तो पुढे किती वजनासाठी बनवला आहे, या दोन्हींच्या प्रमाणावर तो ठरतो.

आपल्या स्लॅबचं स्वतःचं वजन १२५ मिलिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे ३१३ किलो. घर वापरात आल्यावर त्यावर फरशी आणि मसाल्याचे १०० किलो, आतल्या भिंतींसाठी धरलेले १०० किलो आणि माणसं-सामानाचे २०० किलो येतील. एकूण ७१३ किलो. डिझाइन या वजनाला धरून केलेलं असतं आणि त्यासाठी काँक्रीट पूर्ण २५ मेगापास्कलचं, म्हणजे एम २५ मधल्या २५ एवढ्या ताकदीचं लागतं.

टेकू काढल्या दिवशी फरशी नाही, भिंती नाहीत. फक्त स्वतःचं वजन आणि वर फिरणारी माणसं, घमेली, थोडं सामान. त्यासाठी १५० किलो धरू. बेरीज ४६३ किलो. ४६३ भागिले ७१३ म्हणजे ०.६५. वजनाच्या प्रमाणातच ताकद हवी असं धरलं, तर २५ चे ०.६५ पट म्हणजे साधारण १६ मेगापास्कल.

ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांवरून याहून सवलतीचं सूत्र निघालं आहे आणि त्याने हा आकडा १२ च्या आसपास येतो. पण तिथे प्रत्येक ट्रक मोजलेला असतो. पाटीने वाळू मोजणाऱ्या साइटवर ती सवलत घेऊ नये. सरळ प्रमाणाचा १६ हाच आकडा धरावा.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. स्लॅब जितका जाड आणि वापराचं वजन जितकं कमी, तितकं हे प्रमाण एकच्या जवळ जातं. नुसत्या गच्चीचा १५० मिलिमीटरचा स्लॅब असेल, तर त्याचं बहुतेक वजन स्वतःचंच असतं. मग टेकू काढल्या दिवशीच तो जवळजवळ पूर्ण वजन उचलत असतो. ‘वर काही बांधायचं नाही, गच्चीच आहे, लवकर खोला’ हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे.

१६ मेगापास्कल यायला जानेवारीत किती दिवस लागतील?

याचा अंदाज परिपक्वतेच्या हिशोबाने करता येतो. काँक्रीटचं सरासरी तापमान घ्या, त्यात १० मिळवा, दिवसांनी गुणा. दोन ठिकाणच्या काँक्रीटचा हा गुणाकार सारखा आला, की त्यांची ताकद साधारण सारखी.

प्रयोगशाळेत क्यूब, म्हणजे ताकद मोजण्यासाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे, २७ अंशांवर ठेवतात. तिथे एक दिवस म्हणजे ३७ गुण. ग्वाल्हेरला जानेवारीत दिवसा २२ आणि रात्री ७ धरले, तर पातळ स्लॅबचं सरासरी तापमान १४ च्या आसपास राहतं. म्हणजे दिवसाला २४ गुण. १२५ मिलिमीटरचा स्लॅब स्वतःची उष्णता धरून ठेवत नाही. वरून खालून थंड होतो, त्यामुळे हवेच्या सरासरीहून फार जास्त धरू नका.

आता समजा तुमच्या मिक्सला प्रयोगशाळेत १६ मेगापास्कल यायला ५ दिवस लागतात. ५ गुणिले ३७ म्हणजे १८५ गुण. ते २४ ने भागले की ७.७ दिवस. मिक्स थोडं कच्चं असेल आणि प्रयोगशाळेतच साडेसात दिवस लागत असतील, तर साइटवर ११ ते १२ दिवस. पीपीसीमधली राख थंडीत आणखी सुस्तावते. म्हणून सावध माणूस १० न मिळवता नुसतं तापमान धरूनही एकदा हिशोब करतो. त्या रीतीने हेच दोन आकडे साडेनऊ आणि साडेचौदा दिवस येतात.

म्हणजे एकाच गल्लीतल्या, एकाच दिवशी ओतलेल्या दोन स्लॅबना ८ पासून १४ दिवसांपर्यंत काहीही लागू शकतं. ओतकाम २ जानेवारीचं असेल, तर एकाचे टेकू १० तारखेला निघतील आणि दुसऱ्याचे संक्रांत उलटल्यावर. कोणता स्लॅब कोणता, हे बघून कळत नाही. क्यूब फोडूनच कळतं.

क्यूब कसे आणि किती भरायचे?

२८ दिवसांच्या तपासणीचे क्यूब वेगळे असतात. शटरिंगसाठी सहा जास्तीचे भरा. साचा १५० मिलिमीटरचा. काँक्रीट त्या खोलीवर पडणाऱ्या मालातूनच घ्यायचं, पहिल्या घाण्यातलं नाही. तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला सळीने किमान ३५ ठोके द्यायचे.

खरा घोळ पुढे होतो. साचे खोलल्यावर ठेकेदार सवयीने सगळे क्यूब पाण्याच्या टाकीत टाकतो. टाकी घरात, उन्हात, किंवा प्रयोगशाळेत २७ अंशांवर. तिथे वाढलेले क्यूब १६ दाखवतील आणि वर रात्रभर गारठलेला स्लॅब ११ वरच असेल. शटरिंगचे सहाही क्यूब स्लॅबवरच, त्याच ओल्या पोत्याखाली राहू द्यायचे. क्यूब लहान असल्यामुळे थोडा जास्तच थंड होतो. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, चालेल.

हिशोबाने निघालेल्या सर्वात लवकरच्या दिवशी, आपल्या उदाहरणात आठव्या, पहिले तीन फोडा. १५० मिलिमीटरच्या क्यूबला १६ मेगापास्कल म्हणजे सुमारे ३६० किलोन्यूटनवर फुटणं. प्रयोगशाळेची चिठ्ठी येण्याआधी मशीनचा काटा बघूनही हे कळतं. तिन्ही ३६० च्या वर गेले तर टेकू काढा. दोन ४०० ला फुटले आणि एक ३१० ला, तर सरासरी बघून खूश होऊ नका. निर्णय सर्वात कमीवर घ्यावा, कारण त्या मालाचा एक कोपरा स्लॅबमध्येही कुठेतरी आहेच. उरलेले तीन क्यूब दोन-तीन दिवसांनी फोडा.

हॅमरने तपासलं तर चालत नाही का? मिस्त्री तर ठोकून सांगतो.

रिबाउंड हॅमरचा अंदाज चांगल्या हातातही २५ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. कोवळ्या, ओल्या काँक्रीटवर तर त्याचा भरवसा आणखी कमी. १६ चा अंदाज १२ ही असू शकतो. दोन खोल्यांची आपसात तुलना करायला, एखादा भाग मागे राहिला आहे का ते शोधायला तो उपयोगी आहे. टेकू काढायचा निर्णय एकट्या त्यावर घेऊ नये.

मिस्त्रीचं ठोकणं वरच्या दहा मिलिमीटरबद्दल सांगतं. तो भाग उन्हाने सुकलेला आणि कडक असतो. स्लॅब जिथे ताण घेतो तो तळ प्लेटांच्या वर झाकलेला आहे, तिथे कुणाचा हातोडा पोचत नाही.

शटरिंगच्या प्लेटा आधी काढून टेकू तसेच ठेवता येतील का?

येतील, आणि भाडं वाचवायचं असेल तर हाच मार्ग बरा. कोडही प्लेटा ३ दिवसांनी काढायला परवानगी देतं, पण टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. आता हे ‘काढून परत लावणं’ प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. मजूर आख्ख्या खोलीचे टेकू एका दमात पाडतो, प्लेटा ओढतो, चहा घेतो आणि मग टेकू लावतो. मधल्या तासाभरात तीन-चार दिवसांचा स्लॅब ३.६ मीटरचा गाळा एकटाच पेलत असतो. तळाला केसासारख्या भेगा पडायच्या त्या तेव्हाच पडतात. परत लावलेले टेकू त्या भेगा मिटवत नाहीत.

त्यापेक्षा सेंट्रिंग बांधतानाच खोलीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, एक फळीची पट्टी वेगळी बसवा. तिच्याखाली मीटर-मीटरवर स्वतःचे टेकू असावेत आणि दोन्ही बाजूंच्या प्लेटा तिच्यावर न चढता तिला टेकून संपाव्यात. प्लेटा निघतात तेव्हा ही पट्टी हलत नाही. स्लॅबला क्षणभरही पूर्ण गाळा पेलावा लागत नाही, ३.६ चे १.८ चे दोन गाळे होतात.

यासाठी किती ताकद पुरे? १.८ मीटरच्या गाळ्यात ४६३ किलोच्या वजनाने पट्टीच्या वर, स्लॅबच्या माथ्याला सुमारे ०.७ मेगापास्कलचा ओढ-ताण येतो. त्या जागी वरच्या बाजूला सळई नसते, म्हणून तो नुसत्या काँक्रीटनेच घ्यायचा. दुपटीच्या नियमाने १.४ हवे. ८ मेगापास्कलच्या काँक्रीटची वाकताना फाटण्याची ताकद साधारण २ असते. म्हणजे क्यूब ८ ते १० ला आला, की पट्टी ठेवून बाकीच्या प्लेटा निर्धास्त काढा. जानेवारीत हा टप्पा साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी येतो. त्यासाठी तीन क्यूब वेगळे भरलेत तर उत्तम.

पट्टीचे टेकू नंतर ‘घट्ट’ करायचा मोह आवरा. जॅक फिरवून स्लॅब वर रेटला, तर माथ्यावर जिथे सळई नाही तिथेच भेग पडेल. टेकू हाताने हलत नाही, एवढा घट्टपणा पुरे.

टेकू कोणत्या क्रमाने काढायचे?

चारी बाजूंना आधार असलेल्या स्लॅबचे मधून कडेकडे. छज्जा आणि बाल्कनीचे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. उलट केलं तर छज्ज्याच्या टोकाचा शेवटचा टेकू स्लॅबला तिथे आधार देत राहतो, वजन भलत्याच ठिकाणी वाकवतं आणि वरच्या सळईच्या जागी ताण तळाला येतो.

एक टेकू पूर्ण मोकळा करून दुसऱ्याकडे जाऊ नका. मधल्या रांगेचे सगळे जॅक आधी अर्धा फेरा सैल करा, मग पुढची रांग, मग पुन्हा मधे. काढण्याआधी स्लॅबच्या तळाला, मध्यावर, एक उभी पट्टी जमिनीपासून मापून खूण करा. आपल्या मापाचा स्लॅब एक-दोन मिलिमीटर खाली येणं साहजिक आहे. पाचच्या वर गेला, किंवा अर्ध्या तासानंतरही खाली येतच राहिला, तर थांबा आणि उरलेले टेकू आहेत तिथेच राहू द्या.

बीमचे टेकू पण स्लॅबबरोबरच काढायचे का?

नाही. बीमच्या बाजूच्या प्लेटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघतात, पण तळाचे टेकू कोडच्या उबदार हिशोबानेही ६ मीटरपर्यंतच्या गाळ्याला १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस ठेवायचे असतात. थंडीत ते आणखी लांबतात. स्लॅब मोकळा झाला, की त्याचं सगळं वजन बीमवरच जातं, हे शटरिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा.

खालचे टेकू काढले. आता वरच्या मजल्याचा स्लॅब ओतता येईल का?

बहुतेक अडचणी इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

वरचा स्लॅब ओतताना त्याचे टेकू तुमच्या या स्लॅबवर उभे राहतात. ओल्या काँक्रीटचे ३१३ किलो, शटरिंगचे ५० आणि ओतणाऱ्या माणसांचे, व्हायब्रेटरचे १५० धरले, तर चौरस मीटरमागे ५१३ किलो वरून येतात. या स्लॅबचे स्वतःचे ३१३ मिळवा. झाले ८२६ किलो. आणि हा स्लॅब बनवला आहे ७१३ किलोसाठी.

म्हणजे काँक्रीट २८ दिवसांचं, पूर्ण २५ मेगापास्कलचं झालं, तरीही हा स्लॅब एकटा वरचं ओतकाम पेलायला पुरा पडत नाही. टेकू वेळेवर काढणं वेगळं आणि वरचं ओतताना खाली टेकू नसणं वेगळं. ‘महिना झाला, पक्का झाला’ हे इथे उत्तर नाही. डिझाइनमधल्या सुरक्षेच्या गुणकाने स्लॅब बहुधा पडत नाही, पण भेगा पडतात, वाकतो, आणि ते वाकणं पुढे वर्षभर वाढत राहतं. दोन वर्षांनी फरशी मधे खोलगट का झाली, याचं उत्तर अनेकदा याच दिवशी सापडतं.

तळमजल्यावरचा स्लॅब असेल तर उपाय सोपा. त्याच्या खाली पुन्हा टेकू लावा आणि ते जमिनीवर टेकवा. वरचे टेकू जिथे, बरोबर त्याच्या खालीच हे असावेत. मग बरंचसं वजन थेट जमिनीत जातं. पण जमीन म्हणजे काय ते बघा. क्युरिंगच्या पाण्याने भिजलेल्या भरावावर टेकू उभा केला, तर ओतकाम चालू असतानाच तो रुततो आणि नसल्यासारखा होतो. खाली रुंद फळी किंवा पक्का कोबा हवा.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर खाली जमीन नाही, दुसरा स्लॅबच आहे. तिथे एका मजल्याचे टेकू लावले, तर वरून आलेल्या वजनापैकी सुमारे ७० टक्के वरच्या स्लॅबवर आणि ३० टक्के खालच्यावर जातं. अर्धं-अर्धं होत नाही, कारण टेकू जरासा दबल्याशिवाय वजन खाली उतरतच नाही. ५१३ चे ७० टक्के ३५९, अधिक स्वतःचे ३१३, एकूण ६७२ किलो. भागिले ७१३ म्हणजे ०.९४. त्यासाठी साडेतेवीस मेगापास्कल लागतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण ताकद. जानेवारीत पीपीसीला तिथे पोचायला महिन्याहून जास्तही लागेल. घाई असेल तर दोन मजले खाली टेकू ठेवा, किंवा स्लॅबसाठी ओपीसी वापरा.

हे टेकू कधी लावायचे, यातही खोच आहे. खालचा स्लॅब आधी मोकळा होऊन स्वतःचं वजन स्वतः घेऊ द्या, मग टेकू हाताने घट्ट लावा आणि त्यानंतरच वरचं ओता. स्लॅबचं वजन त्यांच्यावर आधीच चढलेलं असेल, तर वरच्या ओतकामासाठी त्यांच्यात जागा उरत नाही.

१९७३ च्या २ मार्चला अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात स्कायलाइन प्लाझा नावाची उंच इमारत बांधताना २४ व्या मजल्याचं ओतकाम चालू होतं. खालच्या कोवळ्या मजल्याचे टेकू त्याच वेळी काढले जात होते. खांबांभोवती स्लॅब फाटला, मजल्यावर मजला कोसळत खालपर्यंत गेला आणि १४ कामगार गेले. ती इमारत बीम नसलेल्या स्लॅबची होती, आपल्या घरांमध्ये सहसा बीम असतात. पण ग्वाल्हेरमध्येही आता तळघर-पार्किंगच्या इमारतींत बीम नसलेले स्लॅब येऊ लागले आहेत. तिथे हा हिशोब इंजिनिअरने कागदावर केल्याशिवाय एकही टेकू हलवू नये.

स्लॅबवर विटा, वाळू कधी चढवायची?

वरच्या १५० किलोंमध्ये विटांचा चट्टा बसत नाही. वीट तीन किलोची धरली, तर ५०० विटा म्हणजे दीड टन. त्या दीड चौरस मीटरवर रचल्या, तर चौरस मीटरमागे हजार किलो झाले, डिझाइनमधल्या माणसा-सामानाच्या वजनाच्या पाचपट. टेकू काढल्यावर वीटकाम सुरू करायचं असेल, तर विटा बीमच्या वर, भिंतीच्या रेषेत, चार-पाच थरांपेक्षा उंच न रचता ठेवा. खोलीच्या मधोमध वाळूचा ढीग नकोच. क्युरिंगसाठी आळी करून पाणी भरता तेही वजनच असतं, पण ५० मिलिमीटर पाणी म्हणजे ५० किलो, ते हिशोबात सामावतं.

लष्करातल्या जुन्या वाड्यांवर दगडी पट्ट्यांची छतं आहेत. ती बसवली त्या दिवसापासून वजन घेत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांचा अंदाज त्या छतांवर तयार झालेला असतो. ‘आमच्या वेळी एवढं थांबत नव्हते’ असं कुणी म्हणालं, तर वाद घालण्याआधी हे आठवा.

छज्ज्याचे टेकू लवकर काढता येतात का? छोटाच तर आहे.

छज्जा सर्वात शेवटी मोकळा करायचा. स्लॅबला एका बाजूला भेग पडली, तर वजन दुसऱ्या बाजूंना सरकतं. छज्ज्याला दुसरी बाजू नाही. त्याची ताकद पूर्णपणे वरच्या सळईवर असते. ओतताना मजुराच्या पायाखाली ती सळई खाली दबली असेल, तर काँक्रीट कितीही पक्कं झालं तरी उपयोग नाही. लिंटेलमधून निघालेल्या छज्ज्याचं तर आणखी एक आहे. त्याला उलटण्यापासून वरच्या भिंतीचं वजन थांबवतं. ती भिंत चढली नसेल, तर टेकू २८ दिवसांनी काढला तरी छज्जा पुढे झुकू शकतो.

थंडीत ताकद लवकर यावी म्हणून काय करता येईल?

स्लॅबसाठी ओपीसी ४३ घेतलं, तर सर्वात जास्त फरक पडतो. मानकानुसार त्याच्या नमुन्यांना ३ दिवसांत किमान २३ मेगापास्कल यावे लागतात, पीपीसीला १६. ओतकाम सकाळी उन्हं आल्यावर सुरू करून दुपारपर्यंत संपवा, म्हणजे पहिली रात्र यायच्या आत काँक्रीट आवळलेलं असेल. संध्याकाळी वरून प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पोती टाका, कडेने विटांनी दाबा. पहिल्या रात्री थंड पाणी मारू नका. रेडीमिक्स घेत असाल, तर उन्हाळ्यातलं सेटिंग लांबवणारं रसायन त्यात नाही ना, हे आधी विचारा. मीठवर्गाची, क्लोराइड असलेली घाईची रसायनं नकोत. त्यांनी सळई गंजते.

पीपीसीचं क्युरिंग किमान १० दिवस चालू ठेवायचं असतं. टेकू आठव्या दिवशी निघाले म्हणून पाणी बंद करू नका.

मे महिन्यात तर सात दिवस पुरतील ना?

तापमानाची अट पुरी होते, पण पीपीसीची उरते आणि क्युरिंगची अवघड होते. ४५ अंशांच्या लूमध्ये वरचा थर दोन तासांत सुकतो, आणि सुकलेल्या काँक्रीटची ताकद वाढायची थांबते. तिथेही क्यूब स्लॅबवरच ठेवून फोडा. रीत तीच.

टेकू काढल्यावर तळाला भेग दिसली. आता?

आधी वरचं सगळं सामान उतरवा आणि माणसांची ये-जा बंद करा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना, भेगेपासून सुमारे अर्ध्या मीटरवर, टेकू परत लावा. हाताने घट्ट, जॅकने रेटून नव्हे.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि रुंदी मोजा. मधोमध, लहान गाळ्याला आडवी, केसाएवढी भेग असेल आणि तीन दिवसांत टोकं सरकली नाहीत, तर स्लॅबने सळईकडे ताण दिला आहे, एवढाच तिचा अर्थ. सळई त्यासाठीच घातलेली असते. ०.३ मिलिमीटरहून रुंद भेग, रोज पुढे सरकणारी टोकं, बीमजवळ तिरपी उतरणारी भेग, किंवा वरच्या बाजूने बीमच्या कडेला दिसणारी भेग, यांतलं काहीही असेल तर टेकू तसेच ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. उरलेले क्यूब त्याच दिवशी फोडून घ्या, आणि तो येईपर्यंत भेगेत सिमेंटचं पाणी किंवा पुट्टी भरू नका. ती भरली, की भेग वाढते आहे की थांबली, हे त्याला कळायचा मार्ग राहत नाही.